शब्द टाकण्यापूर्वी

ऑक्टोबर संपत आला की इंजिनिअरिंग कॉलेजांमधल्या स्टाफरूमच्या दाराशी एक ठरावीक गर्दी दिसू लागते. शेवटच्या वर्षाची मुलं, हातात फाईल, आणि ओठांवर एकच वाक्य : "सर, एलओआर हवं होतं." परदेशात एमएस करायचं तर अमेरिकेतली बहुतेक विद्यापीठं तीन शिफारसपत्रं मागतात, इतर देशांत बऱ्याच ठिकाणी दोन. अर्जाच्या मुदती डिसेंबरच्या मध्यापासून सुरू होतात. त्यामुळे दिवाळीची सुट्टी संपली की शिफारसपत्रांचा हंगाम ऐन भरात येतो. वर्गात सत्तर मुलं, त्यातली पंधरा-वीस जाणारी, आणि प्रत्येकाला तीन पत्रं हवीत. या मुलांपैकी चार-पाच जणांना शिक्षक खऱ्या अर्थाने ओळखत असतो. उरलेल्यांचे चेहरे ओळखीचे असतात, काहींचे तेवढेही नसतात. आणि त्यांचं दुसरं वाक्य असतं : "ड्राफ्ट मी आणलाय सर, तुम्ही फक्त सही करा."

या दुसऱ्या वाक्याने सगळं सोपं होऊन जातं. मुलाचं काम होतं, शिक्षकाचा वेळ वाचतो, कुणाचं मन दुखावत नाही. गेली अनेक वर्षं मी शिकवतो आहे आणि ही पद्धत इतकी रूढ झालेली पाहतो आहे की तिच्यात विचार करण्याजोगं काही आहे असंही कुणाला वाटत नाही. पण ज्याला आपण जेमतेम ओळखतो त्याच्याबद्दल 'मी याला चांगला ओळखतो' असं लिहिलेल्या कागदावर सही करणं म्हणजे नेमकं काय करणं? आणि करायचं नसेल, तर समोरच्याला न दुखावता नाही कसं म्हणायचं?

मराठीत शिफारस करण्याला 'शब्द टाकणं' म्हणतात. हा वाक्प्रचार विचार करण्यासारखा आहे. शब्द टाकतो मी, मागतो दुसरा, आणि तो पडतो तिसऱ्याच्या पुढ्यात. शिफारसीत नेहमी तीन माणसं असतात, पण प्रसंग घडतो तेव्हा दोघंच समोरासमोर असतात. मागणारा समोर उभा असतो, त्याची अडचण दिसते, त्याच्या बापाने काढायचं ठरवलेलं कर्जही कधीकधी माहीत असतं. ज्याच्यासाठी पत्र लिहायचं तो तिसरा मात्र सातासमुद्रापार असतो. त्याचं नाव ठाऊक नसतं, चेहरा नसतो. म्हणून सगळी भीड समोरच्याची पडते आणि पत्र मागणाऱ्याला दिलेली भेट असल्यासारखं वाटू लागतं. वास्तविक पत्र त्याला दिलेलं नसतंच. ते त्या तिसऱ्याला दिलेली साक्ष असते. मागणारा हा त्या साक्षीचा विषय असतो.

साक्ष म्हटल्यावर प्रश्न बदलतो. 'हा मुलगा लायक आहे का?' हा प्रश्न विद्यापीठाचा, त्याचं उत्तर तेच देणार. माझ्यापुढचा प्रश्न लहान आहे : याच्याबद्दल मी स्वतः काय पाहिलं आहे? न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानलं आहे, पण प्रत्येकाचा शब्द नव्हे; आप्ताचा. आप्त कोण, याचं वात्स्यायनाने भाष्यात दिलेलं लक्षण साधं आहे : ज्याने गोष्ट प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. पुढे तो असंही म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू आहे. म्हणजे विश्वास ठेवायचा तो पदामुळे नव्हे, जाणण्यामुळे. आपल्याकडचा व्यवहार बरोबर उलटा आहे. मुलं पत्रासाठी विभागप्रमुखाकडे जातात, प्राचार्यांकडे जातात, कारण लेटरहेडवर पद मोठं दिसतं. ज्या लॅब असिस्टंटने वा तरुण शिक्षिकेने वर्षभर त्यांचं काम शेजारी उभं राहून पाहिलं, तिच्याकडे जात नाहीत. प्राचार्यांच्या पत्रात मग असतं काय, तर 'सर्वगुणसंपन्न' या शब्दाची तीन-चार रूपं.

वाचणाऱ्याला हे कळत नाही असं समजणं भाबडेपणाचं आहे. प्रवेशसमितीतली माणसं अशी पत्रं शेकड्यांनी वाचतात. एकाच अर्जातल्या तीन पत्रांत तीच लकब, तेच विशेषण आणि एकाच जागी चुकलेलं इंग्रजी दिसलं, की तिन्ही एकाच हाताने लिहिली आहेत हे लपत नाही. याचा फटका त्या अर्जापुरता राहत नाही. त्याच कॉलेजातून पुढच्या वर्षी येणाऱ्या अर्जांकडेही संशयाने पाहिलं जातं, आणि त्यांत एखादं खरोखर पाहून, विचार करून लिहिलेलं पत्र असलं तर त्याचंही वजन घटतं. भिडेखातर दिलेली सही फुकट नसते. तिची किंमत पुढच्या वर्षीचा, आपल्याला आज माहीतही नसलेला, कुणी मुलगा देतो.

पत्रासोबत एक फॉर्मही भरायचा असतो. विद्यापीठाकडून ईमेलवर लिंक येते. विद्यार्थ्याला किती काळ ओळखता, कोणत्या नात्याने ओळखता, हे पहिले प्रश्न. पुढे बऱ्याचदा एक तक्ता असतो : बुद्धिमत्ता, चिकाटी, लेखन, नेतृत्व अशा गुणांपुढे खूण करायची, हा विद्यार्थी तुमच्या वर्गातल्या पहिल्या 5 टक्क्यांत, 10 टक्क्यांत की 25 टक्क्यांत? इथे खोटेपणा थेट गणितात दिसतो. सत्तरच्या वर्गात पहिले 5 टक्के म्हणजे साडेतीन मुलं. ज्या शिक्षकाने एकाच वर्गातल्या बारा जणांपुढे ती खूण केली, त्याने निदान आठ वेळा खोटं सांगितलं आहे. त्या तक्त्यात बहुतेकदा आणखी एक रकाना असतो : 'पाहण्याची पुरेशी संधी मिळाली नाही.' आपल्याकडे तो फार क्वचित वापरला जातो. मला मात्र त्या फॉर्ममधला तो सगळ्यात प्रामाणिक रकाना वाटतो.

इतकं सगळं मान्य केलं की सोपा नियम सुचतो : ज्याला नीट ओळखतो त्यालाच पत्र द्यायचं, बाकीच्यांना नाही म्हणायचं. अनेक चांगले शिक्षक असं करतातही. नियम स्वच्छ आहे, पण तो निष्पाप नाही.

शिक्षक कुणाला ओळखतो? पहिल्या बाकावर बसणाऱ्याला, इंग्रजीत न अडखळता शंका विचारणाऱ्याला, टेक्फेस्टच्या समितीत असणाऱ्याला, स्टाफरूममध्ये डोकावून 'सर, पाच मिनिटं आहेत का?' म्हणण्याचा धीर असणाऱ्याला. हा धीर घरून येतो. ज्याच्या घरी आधीची पिढी कॉलेजात गेली आहे त्याला माहीत असतं की शिक्षकाशी ओळख ठेवायची असते. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली, तालुक्याच्या गावाहून आलेली, सबमिशन वेळेवर देऊन एसटी गाठणारी मुलगी डिफॉल्टर यादीत कधी येत नाही, बक्षिसांच्या यादीतही येत नाही. म्हणजे ती शिक्षकाच्या नजरेत यावी असं काहीच घडत नाही. 'ओळखीच्यांनाच पत्र' हा नियम तिच्याविरुद्ध जातो, आणि तिचा दोष एवढाच की आमच्या वर्गात सत्तर मुलं असतात. परिणामी जे वशिल्याला नावं ठेवतात त्यांच्याच हातून ओळखीचं एक सभ्य राज्य चालतं.

म्हणून जेमतेम ओळखीच्या माणसाने शिफारस मागितली तर पहिलं उत्तर 'हो' नसावं आणि 'नाही'ही नसावं. 'आधी बोलू, मग ठरवू' हे असावं. हे शब्द अगदी उघड, आधीच उच्चारायला हवेत. दारातच 'हो, देतो' म्हटलं की पुढे जे दिसेल ते दिसो, माघार घेता येत नाही. 'बोलून मग ठरवू' म्हटलं की दोन्ही वाटा मोकळ्या राहतात, आणि मागणाऱ्यालाही त्या मोकळ्या आहेत हे ठाऊक असतं.

या बोलण्यात काय करायचं असतं ते एक उदाहरण घेऊन पाहू. समजा, मघाशी म्हटलेली ती मुलगी 18 नोव्हेंबरला आली. मुदत 15 डिसेंबर. दोन पत्रं ठरली आहेत, प्रोजेक्ट गाईड आणि विभागप्रमुख. तिसरं तिला माझ्याकडून हवं. तिसऱ्या वर्षी मी तिला डेटाबेस शिकवला, एक सेमिस्टर, शिवाय लॅब. मला चेहरा आठवतो, नाव हजेरीपत्रकात पाहावं लागतं. ती म्हणते, "ड्राफ्ट आणलाय." मी म्हणतो, "ड्राफ्ट नको. माझ्या विषयातला मिनी-प्रोजेक्टचा रिपोर्ट आण, लॅबचं जर्नल आण, एसओपी जसं असेल तसं आण, आणि विद्यापीठांची यादी मुदतींसकट. परवा दुपारी चाळीस मिनिटं बसू. त्यानंतर सांगतो मला लिहिता येईल की नाही."

परवा ती येते. मिनी-प्रोजेक्ट चार जणांच्या गटाचा, विषय गावातल्या दूध संकलन केंद्राच्या नोंदी : शेतकरी, तारीख, लिटर, फॅट, दर, रक्कम. रिपोर्ट इतरांसारखाच, छापील साच्यातला. त्यावरून काही कळत नाही. मी तिला विचारतो, "यात चुकलं काय?" हा प्रश्न मला सगळ्यात उपयोगी वाटतो. काय जमलं ते कुणीही रिपोर्टातून पाठ करून सांगू शकतं. काय चुकलं ते ज्याने काम केलं त्यालाच माहीत असतं. ती जरा थांबून सांगते की आधी त्यांनी दर एकाच तक्त्यात ठेवला होता आणि बिल काढताना रक्कम त्या दराने मोजली जायची. चाचणीसाठी दर बदलून पाहिला, तेव्हा मागच्या महिन्याची, पैसे देऊन झालेली बिलंही बदलली. जुन्या दुधाला नवा दर लागला. मग तिने दराला 'या तारखेपासून लागू' अशी तारीख जोडली आणि प्रत्येक नोंदीला त्या दिवशीचाच दर मिळेल असं केलं.

मी कोरा कागद पुढे सरकवतो. "आधीचे तक्ते काढ, मग नंतरचे." ती काढते. मध्ये एकदा चुकते, खोडते, परत काढते. मी विचारतो, "स्क्रीन छान दिसतायत, त्या कुणी केल्या?" ती गटातल्या दुसऱ्या मुलाचं नाव सांगते.

चाळीस मिनिटांपूर्वी माझ्याकडे तिच्याविषयी सांगण्यासारखं काही नव्हतं. आता तीन गोष्टी आहेत, तिन्ही माझ्या डोळ्यांनी पाहिलेल्या. तिला आपल्या कामातली चूक शोधता येते आणि ती का घडली हे सांगता येतं. तिने ती दुरुस्त केली, आणि दुरुस्ती कागदावर, पाठांतराशिवाय, पुन्हा मांडून दाखवली. दुसऱ्याचं काम तिने आपल्या नावावर घेतलं नाही. पत्रात मी एवढंच लिहीन, आणि त्याआधी हेही लिहीन की सत्तर विद्यार्थ्यांच्या वर्गात एक सेमिस्टर मी तिला शिकवलं, वर्गाबाहेर आमचा परिचय नव्हता, आणि पुढचं निरीक्षण नोव्हेंबरमधल्या एका सविस्तर बोलण्यावर आधारलेलं आहे. तक्त्यात विश्लेषणापुढे पहिले 25 टक्के. तिचे माझ्या विषयातले गुणही तेच सांगतात. नेतृत्व, चिकाटी, दीर्घकाळ एकत्र काम करणं : पाहण्याची संधी मिळाली नाही.

चिकाटी ती दाखवतही असेल. पण चाळीस मिनिटांत चिकाटी दिसत नाही, आणि जे दिसलं नाही ते लिहायचं नाही. अशा थोडक्या परिचयातून लिहिलेल्या पत्राची ही मर्यादा आहे आणि ती पत्रातच स्पष्ट दिसली पाहिजे. यात तिचं नुकसान होतं असं मला वाटत नाही. दूधबिलाची एक खरी गोष्ट असलेलं अर्ध्या पानाचं पत्र 'अत्यंत मेहनती, हुशार आणि प्रामाणिक' अशा दीड पानापेक्षा वाचणाऱ्याच्या जास्त लक्षात राहतं.

एक पायरी उरते, आणि ती बहुतेकजण गाळतात. लिहिण्याआधी मी तिला सांगतो : "माझ्या पत्रात हा प्रोजेक्ट असेल, वर्गातली कामगिरी असेल. नेतृत्वाबद्दल, संशोधनाबद्दल काही नसेल, कारण मी ते पाहिलेलं नाही. तुला याहून जास्त ओळखणारं कुणी असेल, इंटर्नशिपचे साहेब किंवा डिप्लोमाचे सर, तर आधी त्यांना विचार. नाहीतर मी लिहितो." अमेरिकेत 1974च्या एका कायद्याने विद्यार्थ्याला आपल्या नोंदी पाहण्याचा हक्क आहे, शिफारसपत्रांपुरता तो हक्क सोडल्याची खूण अर्ज करताना बहुतेक मुलं करतात, म्हणजे पत्र गोपनीय राहतं. पण पत्राचे शब्द गोपनीय ठेवणं वेगळं आणि पत्राचं वजन लपवणं वेगळं. कोणतं पत्र घ्यायचं हा निर्णय तिचा आहे, आणि माझं पत्र किती भरेल हे कळल्याशिवाय तिला तो घेता येणार नाही.

हे सांगणं का आवश्यक आहे, ते पॉल ग्राईस या तत्त्वज्ञाच्या एका उदाहरणावरून नीट कळतं. 1967 साली हार्वर्डमध्ये दिलेल्या व्याख्यानांत त्याने बोलण्यातून न बोलता सुचवल्या जाणाऱ्या अर्थाचा विचार मांडला. त्यात एक शिक्षक आपल्या विद्यार्थ्यासाठी तत्त्वज्ञानाच्या नोकरीचं शिफारसपत्र लिहितो, आणि त्यात फक्त त्याची भाषा उत्तम आहे आणि तो तासांना नियमित येत असे, एवढंच म्हणतो. दोन्ही विधानं खरी. वाचणारा मात्र अर्थ काढतो : तत्त्वज्ञानात याला काही गती नाही. शिक्षकाने खोटं काहीच लिहिलेलं नाही आणि विद्यार्थ्याला बुडवलं आहे.

आपल्याकडे असं पत्र पुष्कळदा सज्जनपणातूनच लिहिलं जातं. नाही म्हणवत नाही, खोटंही लिहवत नाही, म्हणून 'वर्तन चांगले, उपस्थिती समाधानकारक' असं कोमट काहीतरी लिहून दिलं जातं. शिक्षकाला वाटतं मी दोन्ही बाजू सांभाळल्या. वाचणाऱ्याशी तो प्रामाणिक राहिला हे खरं, पण मागणाऱ्याचा त्याने विश्वासघात केला. मुलगा 'थँक यू सर' म्हणून, पेढे देऊन गेला; त्याला माहीतही नाही की आपल्या अर्जात आपल्याविरुद्धचा कागद आपणच जोडला आहे. त्याला दुसऱ्या कुणाकडे जाता आलं असतं. कोमट होकार हा नकाराहून वाईट असतो, कारण नकार निदान कळतो.

तर मग नकार. चाळीस मिनिटांच्या बोलण्यात कागद कोराच राहिला, रिपोर्ट आपला नाही हे दिसलं, किंवा ज्याच्यासाठी विचारलं जातंय तो कधी आपला विद्यार्थीच नव्हता, तर नाही म्हणावं लागतं. आपल्याला 'नाही' म्हणायला शिकवलेलंच नाही. आपण तीन पर्यायी शब्द वापरतो, आणि तिन्ही घात करतात.

पहिला, 'वेळ नाही'. हे कारण खोटं असेल तर ते टिकत नाही, कारण त्यावर उपाय असतो : "तुम्ही काही करू नका, मी लिहून आणतो." म्हणजे आपल्याच कारणाने आपण त्याच सहीच्या जागी परत येतो. दुसरा, 'कॉलेजचा नियम आहे'. नियम नसतो, आणि तुम्ही गेल्या आठवड्यात कुणाला पत्र दिलंत हे हॉस्टेलवर सगळ्यांना ठाऊक असतं. तिसरा आणि सगळ्यात वाईट, 'बघू'. 'बघू' म्हणजे नाही, हे मोठ्या माणसांत कळतं. बावीस वर्षांच्या मुलाला ते 'हो' वाटतं. तो दर चार दिवसांनी आठवण करतो, आपण 'हो हो, आहे लक्षात' म्हणतो, आणि मुदत येते.

खोट्या कारणावर उपाय सुचवता येतो, खऱ्यावर येत नाही. आणि इथे खरं कारण दुखावणारंही नाही : मला तुझ्याबद्दल पुरेसं माहीत नाही. यात त्याच्या लायकीवर शेरा नाही, माझ्या माहितीची कबुली आहे. विद्यार्थ्याला मी असं लिहीन :

"तुझा निरोप मिळाला. मी तुझ्यासाठी पत्र लिहिणार नाही. मी तुला एकच विषय शिकवला, आणि मी स्वतः पाहिलंय असं सांगता येण्याजोगं माझ्याकडे पुरेसं नाही. अशा पत्राचा तुला तोटा होईल. ज्यांनी तुझं काम जवळून पाहिलं अशांची नावं आपण मिळून काढू. उद्या दोन ते तीन मी रिकामा आहे. एसओपी घेऊन ये, तेही वाचतो."

या निरोपात चार गोष्टी आहेत. नकार दुसऱ्याच वाक्यात आहे, शोधावा लागत नाही. कारण एकच आहे. दोन कारणं दिली की दोन्ही लटकी वाटतात. 'बहुधा', 'सध्या तरी' असे शब्द नाहीत, कारण ते दार अर्धवट उघडं ठेवतात आणि माणूस तिथेच ताटकळतो. आणि शेवटी जे देता येतं ते दिलेलं आहे, दिवस आणि वेळ ठरवून. शिवाय हा निरोप मागणीनंतर एक-दोन दिवसांत जायला हवा. तोच नकार महिन्याने गेला तर अपमान होतो, कारण त्या महिन्याभर तो माणूस आपल्या भरवशावर असतो.

मधस्थामार्फत आलेली मागणी जास्त कठीण. मामेभावाचा फोन येतो : "दादा, आमच्या भागीदाराचा मुलगा आहे, हुशार आहे, तुझ्या एका सहीचा प्रश्न आहे." त्या मुलाला मी पाहिलेलंही नाही. इथे पणाला लागलेली असते ती भावाची पत. त्याने भागीदाराला 'आमचा दादा आहे ना' असं सांगून टाकलेलं असतं. नकार दिला तर त्याचा शब्द खाली पडतो. म्हणून नकार देताना त्याला परत नेण्यासारखं काही हातात द्यावं लागतं : "अरे, तो कधी माझ्या वर्गात नव्हता. फॉर्ममध्ये पहिलाच प्रश्न आहे, कोणत्या नात्याने ओळखता. तिथे मी काय लिहू? उद्या त्यांनी उलट ईमेल करून विचारलं तर त्याचाच प्रवेश अडचणीत येईल. त्याला रविवारी माझ्याकडे पाठव. कुठे अर्ज करावा, कुणाकडून पत्रं घ्यावीत, एसओपी कसं लिहावं, सगळं तासभर बसून सांगतो." बहुतेक वेळा भावाला एवढं पुरतं, भागीदाराला सांगायला त्याच्याजवळ 'दादाने वेळ दिलाय' हे असतं. कधी नाही पुरत. मग तो दोन सणांना फोन करत नाही. न दुखावता नाही म्हणण्याची कला असते, पण तिला यशाची हमी नसते. नकारात समोरच्याचा अपमान होऊ न देणं एवढं आपल्या हातात असतं. त्याचा राग आपल्या हातात नसतो.

अनोळखी माणसाला काय द्यावं आणि काय देऊ नये, हा भेद बेंजामिन फ्रँकलिनने फार नेमका ओळखला होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धासाठी फ्रान्सची मदत मिळवायला तो पॅरिसला आला, तेव्हा अमेरिकी सैन्यात हुद्दा हवा असलेल्यांनी त्याला शिफारसपत्रांसाठी भंडावून सोडलं. 2 एप्रिल 1777 या तारखेचा त्याचा एक नमुना उपलब्ध आहे : ज्याला आपण ओळखत नाही अशा माणसासाठी शिफारसपत्र. त्यात तो सरळ सांगतो की पत्र नेणाऱ्याविषयी मला काही माहीत नाही, अगदी नावसुद्धा. इथे एक अनोळखी दुसऱ्या अनोळखीला घेऊन येतो आणि कधी ते एकमेकांचीच शिफारस करतात. याच्या गुणांविषयी त्यालाच विचारा, कारण माझ्यापेक्षा त्याला ते नक्कीच जास्त ठाऊक असणार. इथवर विनोद आहे. पुढे मात्र तो गंभीरपणे म्हणतो की ज्याच्याबद्दल काही वाईट ठाऊक नाही अशा कोणत्याही परक्याचा जो सौजन्यावर हक्क असतो, तेवढं सौजन्य याला दाखवा. आणि अधिक ओळख झाल्यावर तो जेवढ्याला पात्र वाटेल तेवढी मदत करा.

परक्याचा सौजन्यावर हक्क असतो, साक्षीवर नसतो. आपण नेमकी अदलाबदल करतो : साक्ष सढळ हाताने देतो, कारण तिला सहीपुरता वेळ लागतो, आणि सौजन्य, म्हणजे समोर बसवून घेणं, त्याचं लिहिलेलं वाचणं, योग्य दार दाखवणं, हे टाळतो, कारण त्याला दुपार जाते. दारात उभ्या असलेल्या मुलाला आधी ती दुपार द्यावी. त्यातून साक्ष देण्याजोगं काही निघालं तर ती द्यावी, तेवढीच द्यावी.

नाही निघालं, तर त्याच दिवशी सांगावं. 20 नोव्हेंबरला ज्याला स्पष्ट नकार मिळतो त्याच्या हातात अजून साडेतीन आठवडे असतात. तेवढ्यात डिप्लोमाच्या सरांना गाठता येतं, इंटर्नशिपच्या ऑफिसात जाऊन येता येतं. ज्याला 'बघू' मिळालेलं असतं, त्याला आपला नकार 14 डिसेंबरच्या रात्री, लिंक तशीच न उघडलेली पाहून कळतो.